घाटातलं वळण: नजर, झुकाव आणि हळूहळू सुटणारा ब्रेक

घाटात नव्यानं बाईक चालवणाऱ्याला पहिला नियम मिळतो तो हा: ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. सुरुवातीला तो उपयोगी पडतो. पण आंबेनळी, ताम्हिणी किंवा वरंधा घाटात तेवढ्यावर भागत नाही, कारण वळण पुढे किती आवळत जाणार आहे हे बरेचदा आत शिरल्यावरच कळतं. ब्रेक पूर्ण सोडून बाईक झुकवली आणि नेमकी समोरून एसटी अर्धा रस्ता घेऊन आली, की घाबरून ब्रेक परत दाबला जातो, तोही एकदम. झुकलेल्या बाईकवर एकदम दाबलेला पुढचा ब्रेक पाडू शकतो.

यावरचा उपाय म्हणजे ट्रेल ब्रेकिंग. ब्रेकचं मोठं काम वळणाआधीच करायचं, पण बाईक झुकवायला लागल्यावर ब्रेक एकदम न सोडता थोडा दाब ठेवायचा आणि झुकाव वाढेल तसा तो कमी करत न्यायचा. शर्यतीच्या ट्रॅकवर हे तंत्र वळणात जास्त वेगानं शिरण्यासाठी वापरतात. रस्त्यावर त्याचा हेतू वेगळा आहे. शिरण्याचा वेग नेहमीइतकाच ठेवायचा, पण वळण संपतं कुठे ते दिसेपर्यंत वेग आणखी कमी करायची सोय हातात ठेवायची. हा फरक मनात पक्का नसेल तर पुढचं शिकू नये असं माझं मत आहे.

झुकाव ठरवायचा नसतो, तो ठरतो

"किती झुकवू?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा चालक विचारतो. उत्तर असं की झुकाव तुम्ही निवडत नाही. वेग आणि वळणाची त्रिज्या ठरली की झुकाव ठरला. आपल्या घाटातलं बऱ्यापैकी आवळलेलं, साधारण २० मीटर त्रिज्येचं वळण धरा. ३० किमी वेगानं ते घेतलं तर बाईक सुमारे २० अंश झुकते. ४० किमीला ३२ अंश लागतात आणि ५० किमीला जवळजवळ ४५. वेग दहा-दहानं वाढला, पण झुकाव प्रत्येक वेळी बारा अंशांनी वाढला. टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात याहून थोडा जास्तच लागतो.

आता याची दुसरी बाजू. टायरची पकड मर्यादित असते आणि वळणं व ब्रेक लागणं ही दोन्ही कामं त्याच पकडीतून होतात. कोरड्या, चांगल्या डांबरावर २० अंश झुकलेल्या बाईककडे ब्रेकसाठी भरपूर पकड शिल्लक असते. ३२ अंशांवरही हलक्या हातानं ब्रेक लावता येतो. ४५ अंशांवर मात्र जवळजवळ सगळी पकड वळण्यातच खर्च झालेली असते. म्हणजे "वळणात ब्रेक धोकादायक" हे अर्धंच खरं आहे. फार झुकलेल्या बाईकवर ब्रेक धोकादायक, आणि एकदम दाबलेला ब्रेक कोणत्याही झुकावावर धोकादायक.

म्हणून घाटात २० ते २५ अंशांच्या आसपास राहणं हे कच्चेपणाचं लक्षण नाही. तेवढ्या झुकावात सगळी वळणं घेणाऱ्याकडे ब्रेकसाठीही जागा राहते आणि खडी चुकवण्यासाठीही. टायरच्या कडेला घासला न गेलेला पट्टा दिसला की तरुण मुलं लाजतात. लाजू नका, त्या पट्ट्यावरून रस्त्यावरचं कौशल्य ठरत नाही.

बाईक झुकते कशी, हेही हातांनी एकदा अनुभवून घ्या. रिकाम्या सरळ रस्त्यावर ३० किमीच्या वेगात डाव्या हँडलची मूठ हलकेच पुढे ढकला. बाईक डावीकडे झुकेल. उजवी ढकला, उजवीकडे झुकेल. अंग तिरकं करून बाईक वळवायचा प्रयत्न करणाऱ्यांना प्रत्येक वळण जड जातं. मूठ ढकलणं जमलं की तेच काम बोटभर जोरात होतं.

रस्ता वाचणं आणि नजर

घाटरस्ता डोंगराच्या कडेनं जातो तेव्हा त्याची वळणं मुख्यतः दोन प्रकारची असतात. हा फरक ओळखता आला की अर्धं काम होतं.

पहिला प्रकार सोंडेवरचा. डोंगराची सोंड पुढे आलेली असते आणि रस्ता तिला वळसा घालतो. इथे डोंगर वळणाच्या आतल्या बाजूला आणि दरी बाहेर. पलीकडचं काही दिसत नाही. समोरचं वाहन दिसतं ते अगदी जवळ आल्यावर.

दुसरा प्रकार ओढ्याचा. रस्ता डोंगराच्या घळीत आत शिरतो, ओढा ओलांडतो आणि पलीकडच्या अंगानं बाहेर पडतो. इथे दरी वळणाच्या आत असते, त्यामुळे पलीकडचा रस्ता, त्यावरची वाहनं, सगळं आधीच दिसतं. पण वळणाच्या मध्यावर, जिथे बाईक सगळ्यात जास्त झुकलेली असते, तिथेच मोरी असते. पावसाळ्यात वाहून आलेली खडी, माती आणि ओल तिथेच साठते, आणि पाऊस संपल्यावरही सावलीतलं शेवाळ काही दिवस तसंच राहतं. म्हणजे सोंडेच्या वळणात धोका समोरून येतो, ओढ्याच्या वळणात तो चाकाखाली असतो.

आता नजर. वळणाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात ती जागा शोधा. तुम्हाला दिसणारा रस्ता तिथे संपतो. ती जागा तुमच्याकडे येत असेल, म्हणजे तुमच्यातलं अंतर कमी होत असेल, तर वळण आवळतं आहे आणि वेग अजून कमी करायला हवा. ती तुमच्या वेगानंच पुढे सरकत राहिली तर वेग बरोबर आहे. ती झपाट्यानं लांब जायला लागली तर वळण उघडतं आहे आणि रेस द्यायला हरकत नाही. वेगाचा काटा पाहून वळणाचा वेग ठरवण्यापेक्षा ही खूण कितीतरी विश्वासार्ह आहे, कारण प्रत्येक वळण वेगळं असतं.

ही जागा पाहायची तर मान वळवावी लागते. नुसते डोळे फिरवून चालत नाही. हनुवटी वळणाच्या दिशेनं वळवा आणि बाईक झुकली तरी डोळे क्षितिजाशी समांतर ठेवा. खड्डा किंवा खडी दिसली तर तिच्याकडे क्षणभर पाहून लगेच तिच्या शेजारच्या मोकळ्या पट्ट्याकडे नजर न्या. खड्ड्यावर खिळलेली नजर बाईकला खड्ड्यातच नेते, कठड्यावर खिळलेली कठड्याकडे.

नजर कमी पडते आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. एकाच वळणात तुम्हाला हँडल दोन-तीन वेळा दुरुस्त करावं लागत असेल, बाईक थोडी झुकते, उठते, परत झुकते असं होत असेल, तर तुम्ही चाकापुढच्या पाच-दहा मीटरकडे पाहत आहात. नजर लांब गेली की बहुतेक वळणं एका झुकावात पूर्ण होतात.

आधी मैदानावर: ब्रेक सोडायला शिकणं

ब्रेक दाबणं सगळ्यांना येतं. ट्रेल ब्रेकिंगमध्ये शिकायचं असतं ते सोडणं. म्हणून पहिला सराव घाटात नको. मोठं, कोरडं, डांबरी किंवा काँक्रीटचं मोकळं मैदान शोधा. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, जॅकेट, घोट्यापर्यंतचे बूट इथेही हवेतच. टायरची हवा थंड असताना तपासलेली असू द्या.

सरळ रेषेत ४० किमीनं या, रेस पूर्ण बंद करा आणि पुढचा ब्रेक दोन बोटांनी दाबा. लिंबू पिळताना दाब जसा वाढत जातो तसा इथेही वाढला पाहिजे. पुढचे शॉकअप हळूहळू खाली बसतील. आता वेग १५ किमीच्या आसपास येताना ब्रेक सोडायला लागा, पण सोडायला दाबण्याइतकाच किंवा त्याहून जास्त वेळ घ्या. बाईकचं नाक पटकन वर उसळलं तर ब्रेक लवकर सुटला. नाक कधी वर आलं हे कळलंच नाही, इतकं हळू सोडता येईपर्यंत हेच करत राहा. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

नाक उसळण्याला इतकं महत्त्व का? पुढचा ब्रेक लागलेला असताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि शॉकअप दबलेले असतात. पुढच्या टायरची पकड वाढते, पुढचं चाक धरणारे फोर्क थोडे उभे होतात आणि बाईक वळायला चपळ होते. अशा अवस्थेत वळणात शिरणं फायद्याचं. पण तिथे ब्रेक एकदम सुटला तर शॉकअप उसळतात, पुढचं चाक हलकं होतं आणि बाईक वळणाच्या बाहेर जायला बघते. डाव्या वळणात बाहेर म्हणजे समोरच्याच्या लेनमध्ये.

सरळ रेषेत हात बसला की पाण्याच्या बाटल्या ठेवून वीसेक मीटर त्रिज्येचं अर्धं वर्तुळ आखा. ३० किमीनं त्याच्याकडे या, ब्रेक हलका धरूनच बाईक झुकवा, आणि अर्ध्या वर्तुळाच्या मध्यापर्यंत ब्रेक शून्यावर आणा. ब्रेक पूर्ण सुटल्यावरच रेस. आधी डावीकडे, मग उजवीकडे. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, तिला जास्त वेळ द्या.

मग घाट: आधी चढताना

घाटातला पहिला सराव चढणीवर करा. चढावर रेस बंद केली की बाईक आपोआप मंदावते, त्यामुळे ब्रेक जास्त लागला किंवा उशिरा लागला तरी सांभाळून घेता येतं. वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट यासाठी बरा आहे, पण शनिवार-रविवारी नाही. पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत काही शिकता येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, ऊन पडून रस्ता सुकल्यावर जा. पूर्ण घाट एकदा चढण्यापेक्षा त्यातला एक-दोन किलोमीटरचा ओळखीचा तुकडा पुन्हा पुन्हा घ्या. पहिले काही किलोमीटर टायर थंड असतात, तेव्हा फक्त रस्ता बघा.

उतारावरचं एक वळण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता खरी परीक्षा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरकडे उतरताना भेटतं तसं एक वळण घेऊ: सोंडेवरचं, डावीकडे जाणारं, पलीकडचं न दिसणारं. वेग ४५ किमी, कोरडा रस्ता.

वळण दिसताच गिअर दुसऱ्यावर आणा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून उतरायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्यात इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. आपल्या लेनमध्ये मध्यरेषेच्या बाजूला, पण तिच्यापासून हातभर आत राहा. त्यामुळे वळणाच्या पलीकडचं थोडं लवकर दिसतं. हॉर्न द्या, घाटात तो शिष्टाचारच आहे.

सरळ असतानाच पुढचा ब्रेक वाढवत नेऊन वेग ३५ पर्यंत आणा. मध्यम दाबानं याला साधारण बारा-पंधरा मीटर लागतात, उतार तीव्र असेल तर जास्त. मागचा ब्रेक सोबत अगदी हलका. उतारावर वजन पुढे गेलेलं असतं, मागचं चाक हलकं असतं आणि जोरात दाबलं तर लॉक होऊन घसरतं.

आता डावी मूठ ढकलून बाईक झुकवायला सुरुवात करा. या क्षणी ब्रेक सुटलेला नसतो, फक्त दाब निम्म्याहून कमी झालेला असतो. झुकाव वाढतो तसा दाब उतरत जातो. नजर त्या सरकणाऱ्या जागेवर. ती अजून तुमच्याकडेच येते आहे? मग ब्रेकचा हलका स्पर्श राहू द्या, वेग ३० पर्यंत येऊ द्या. ती पुढे सरकायला लागली, पलीकडचा सरळ रस्ता दिसला, की ब्रेक शून्यावर आणा. क्षणभर ब्रेकही नाही आणि वाढती रेसही नाही. मग हलकी रेस, आणि बाईक आपोआप उभी राहत वळणातून बाहेर पडते.

आत शिरायला उतावीळ होऊ नका. लवकर वळलेली बाईक वळणाच्या आतल्या कडेला फार आधी पोचते आणि मग शेवटी बाहेर फेकली जाते. पुढचं दिसत नाही अशा वळणात थोडं उशिरा वळलेलं केव्हाही चांगलं.

या सगळ्यातून काय मिळालं ते अंतरात पाहा. वळणाच्या मध्यावर समोर दगड दिसला. ब्रेकला हात नसलेल्या, ४५ किमीनं चाललेल्या चालकाला प्रतिक्रियेसकट थांबायला तीसेक मीटर लागतील, तेही झुकलेल्या बाईकवर घाईनं ब्रेक न दाबता जमलं तर. ३० किमीवर असलेल्याला सतरा-अठरा मीटर पुरतात. आणि त्याची बोटं आधीच ब्रेकवर, शॉकअप आधीच दबलेले, म्हणजे दाब वाढवायला त्याला नव्यानं सुरुवात करावी लागत नाही. जितका रस्ता दिसतो त्याच्या आत थांबता यावं, हा हिशोब आहे. अरुंद घाटात समोरचाही तुमच्याकडे येत असतो, तेव्हा दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्यातच थांबता आलं पाहिजे.

उजवीकडच्या वळणात एक गोष्ट वेगळी आहे आणि ती फारच थोडे लोक सांगतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजव्या वळणात बाईक मध्यरेषेकडे झुकते. चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी डोकं आणि खांदा रेषेपलीकडे जाऊ शकतात, आणि समोरून वळण कापत येणारा ट्रक नेमका तिथेच असतो. म्हणून उजव्या वळणात लेनच्या डाव्या बाजूनं शिरा आणि डोक्यासकट आपल्याच लेनमध्ये राहा. मात्र साइडपट्टीवरच्या खडीइतकंही डावीकडे जाऊ नका.

हेअरपिनवर ट्रक आणि एसटीला पूर्ण रस्ता लागतो. खालून चढणारं मोठं वाहन दिसलं तर वळणाच्या आधीच थांबून त्याला जाऊ द्या. अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट देणं हा नियमही आहे.

जास्त वेगात शिरलात असं वाटलं तर

हे कधीतरी होईल. अशा वेळी हात आपोआप तीन गोष्टी करतात: रेस झटकन बंद, ब्रेक झटकन दाबला जातो, नजर कठड्याकडे. तिन्ही उलट कराव्या लागतात. नजर बाहेर पडण्याच्या रस्त्याकडे न्या, आतली मूठ आणखी ढकला, आणि ब्रेकला आधीच स्पर्श असेल तर दाब अगदी थोडा वाढवा. चालक घाबरतो त्या झुकावापुढे बाईककडे सहसा बरीच जागा शिल्लक असते. फूटरेस्ट रस्त्याला घासला तर मात्र पुढे फार जागा नाही असं समजा. आणखी झुकवणं शक्य नसेल आणि समोर मोकळा रस्ता असेल तर बाईक आधी सरळ करा, मग जोरात ब्रेक. दोन्ही एकदम नाही.

कुठे करू नये

ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसवर विसंबू नका. भारतात १२५ सीसीवरच्या नव्या बाईकला २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण साधं एबीएस सरळ चालणाऱ्या चाकाचा विचार करून बनवलेलं असतं. झुकाव ओळखून ब्रेक सांभाळणारी कॉर्नरिंग एबीएस प्रणाली थोड्याच बाईकवर मिळते. स्वस्त बाईकवर अनेकदा एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तुमच्या पायाच्या भरवशावर. लहान बाईक आणि स्कूटरला बहुधा सीबीएस असतं. त्यात मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, त्यामुळे वळणात मागचा ब्रेकसुद्धा हळूच हाताळावा लागतो.

वळणावर बाईकला पकड देणारं डांबर नसेल तर ट्रेल ब्रेकिंग नाही. ओला रस्ता, ओढ्याच्या मोरीवरची खडी, पांढरे पट्टे, पुलाचे लोखंडी जॉइंट, झाडाखालची ओली पानं, काठोकाठ भरलेल्या टाकीतून ट्रकनं वळणावर सांडलेलं डिझेल. त्याचा वास हेल्मेटमध्येही येतो. वास आला की पुढच्या प्रत्येक वळणात तेल आहे असं धरून चाला. अशा ठिकाणी वेग वळणाच्या खूप आधी, बाईक पूर्ण सरळ असताना उतरवायचा, ब्रेक पूर्ण सोडायचा, आणि मग कमीत कमी झुकावात, एकसारख्या रेसवर वळण काढायचं.